बटण तुटलेला शर्ट आणि नऊ फ्रेम्स: एका जाहिरातपटाच्या स्टोरीबोर्डचं प्रकरण

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या कारखान्याला आपल्या शिलाईच्या दोऱ्यासाठी ३० सेकंदांची जाहिरात हवी होती. मी त्या कामावर स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी प्रत्येक शॉट कसा दिसेल त्याची चित्रं, करत होते. कारखान्याचं आणि आमच्या संस्थेचं नाव इथे देत नाही. बाकी जे घडलं ते घडलं तसंच लिहिते आहे.

गोष्ट साधी होती. शाळेत बक्षीस समारंभ आहे आणि निघतानाच मुलाच्या शर्टाचं छातीवरचं बटण तुटतं. तो धावत कोपऱ्यावरच्या शिंपीणमावशींच्या गाळ्यात येतो. शर्ट काढायला वेळ नाही, म्हणून मावशी अंगावरच बटण लावायला घेतात. अंगावर शिवू नये म्हणतात, म्हणून आधी दोऱ्याचा एक तुकडा तोडून त्याला दातात धरायला लावतात. बटण लागतं, मुलगा पळतो, दोरा तोंडातच राहतो. शेवटी दोऱ्याचं रीळ.

दिग्दर्शकाने याचे नऊ शॉट पाडले. पहिल्यात मुलगा धावत गाळ्यापाशी येतो. दुसऱ्यात काउंटरपाशी उभा असलेला मुलगा आणि उघडा पडलेला शर्ट. तिसऱ्यात चष्म्यावरून बघणाऱ्या मावशी, चौथ्यात पत्र्याच्या डब्यातून रीळ काढणारा हात, पाचव्यात दातात दोरा धरलेल्या मुलाचा क्लोजअप. सहावा सुई आणि बटण अगदी जवळून दाखवणारा इन्सर्ट, सातवा दोघांचा बाजूने घेतलेला शॉट, आठवा मावशींच्या पाठीमागून घेतलेला, पळणाऱ्या मुलाचा, आणि नववा पॅक शॉट, म्हणजे नुसतं रीळ.

क्लायंटची बैठक तीन दिवसांवर होती.

## अडचण

चित्र बनवणाऱ्या एआय टूलमध्ये मी प्रत्येक शॉटचा प्रॉम्प्ट, म्हणजे काय काढायचं त्याचं वर्णन, टाकला आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी नऊ फ्रेम्स भिंतीवर लावल्या. एकेक फ्रेम सुटी पाहिली तर छान होती. ओळीने पाहिल्या तर मात्र नऊ वेगवेगळ्या जाहिरातींमधून उचलून आणल्यासारख्या वाटत होत्या.

मावशी तीन वेगळ्या बायका झाल्या होत्या. एकीत केस पांढरे, दुसरीत काळेभोर, तिसरीत अंगावर लग्नातले दागिने. तीन फ्रेम्समध्ये मुलाच्या गळ्यात टाय आला होता, आणि बटण नेमकं टायखालीच झाकलं गेलं होतं. गाळा एका फ्रेममध्ये अरुंद, तर दुसऱ्यात कापडाच्या शोरूमएवढा. आणि ज्याच्यावर सगळी गोष्ट उभी आहे ते तुटलेलं बटण एकाही फ्रेममध्ये तुटलेलं नव्हतं.

कारण समजायला सोपं आहे. आमचं टूल दुसरी फ्रेम काढतं तेव्हा पहिलीत काय काढलं होतं ते त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक प्रॉम्प्टसाठी ते कोऱ्या पाटीवर सुरुवात करतं, आणि आपण जे लिहिलं नाही ते स्वतःच्या सवयीने भरतं. ‘साडी’ लिहिलं की दागिने येतात, ‘शाळेचा गणवेश’ लिहिलं की टाय येतो.

## विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे हाताने चित्रं काढणं. चित्रकाराच्या डोक्यात गाळा एकदा बसला की नवव्या फ्रेमपर्यंत तो हलत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण नेहमीचा चित्रकार दुसऱ्या कामात अडकला होता, आणि मी एकटीने काढल्या असत्या तर दुरुस्त्यांना वेळ उरला नसता.

दुसरा पर्याय खऱ्या गाळ्यात जाऊन मोबाइलवर फोटो काढण्याचा होता. त्यासाठी गाळा ठरलेला असायला हवा. तो ठरला नव्हता, म्हणून आम्ही हा पर्याय सोडून दिला. ते चुकलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरा पर्याय, सगळ्या प्रॉम्प्टना एकच सीड, म्हणजे टूल ज्या आकड्यावरून चित्राची सुरुवात करतं तो आकडा, देऊन पाहणं. तोच प्रॉम्प्ट, तोच सीड आणि त्याच सेटिंग दिल्या की तेच चित्र परत मिळतं, त्यावरून सीड ठेवला की माणूसही तोच राहील असं वाटतं. तसं होत नाही. प्रॉम्प्ट बदलला की चेहरा बदलतोच. टिकते ती साधारण मांडणी, म्हणजे फ्रेममध्ये माणूस कुठे उभा आहे, उजेडाचा ठिपका कुठे आहे. आम्हाला शॉट बदलायचे होते आणि सीड मात्र मावशींना पुन्हापुन्हा मुलाच्याच जागेवर आणून उभं करत होता. दोन तास घालवून हा नाद सोडला.

चौथा पर्याय निवडला. पात्रांची संदर्भचित्रं आधी तयार करायची, प्रत्येक फ्रेमला ती जोडायची, आणि प्रॉम्प्टचा मजकूर ठरावीक तुकड्यांतून जुळवायचा.

## पहिला निर्णय: फोटो की पेन्सिल

पहिल्या दिवसाच्या फ्रेम्स फोटोसारख्या होत्या. दिग्दर्शकाने त्यातल्या दोन क्लायंटना सहज पाठवल्या, आणि लगेच फोन आला, “ह्याच बाई घ्या, फार छान चेहरा आहे.” त्या बाई या जगात कुठेच नव्हत्या.

त्याच रात्री आम्ही पेन्सिलच्या रेघा आणि राखाडी वॉश यावर आलो. स्टोरीबोर्डमधून कॅमेरा कुठे आहे, कोण कुठे बघतंय आणि गोष्ट कशी पुढे सरकते एवढं कळायला हवं. साडीचा पोत आणि त्वचेवरची चमक तिथे अडचणच करतात. शिवाय रंग गेला की सातत्याच्या निम्म्या तक्रारी आपोआप जातात. साडीचा हिरवा सहा छटांत येण्याचा प्रश्नच उरत नाही. रंग ठेवला तो फक्त रिळाचा पिवळा, तोही शेवटी हाताने भरला. रिळावरचं लेबल कोरं ठेवायला सांगितलं, कारण टूलने काढलेली देवनागरी अक्षरं वाचता येत नव्हती. खरं लेबल नंतर वर चिकटवलं.

## दुसरा निर्णय: पात्राचं वर्णन किती लिहायचं

माझं पहिलं वर्णन लांबलचक होतं. बारीक बुट्ट्यांची साडी, काचेच्या बांगड्या, कपाळावर छोटी टिकली, कानात कुड्या. यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी आली. बारीक नक्षी आणि छोटे दागिने टिकत नाहीत. टिकतं ते लांबूनही ओळखू येणारं. चष्म्याची जाड गोल फ्रेम, केसांचा आकार, साडीचे गडद आणि फिके असे दोन सपाट भाग, गळ्यातली टेप. म्हणून वर्णन छाटून एवढं ठेवलं:

```
woman tailor, 55, thin, grey hair in a low bun,
thick round black glasses low on her nose,
plain dark saree with one broad pale border,
measuring tape around neck
```

हा तुकडा प्रत्येक फ्रेममध्ये अक्षरशः तसाच वापरायचा, असा नियम केला. एका ठिकाणी मी `thin` ऐवजी `slim` लिहिलं होतं आणि मावशी दहा वर्षांनी लहान झाल्या होत्या.

याच तुकड्यावरून संदर्भचित्र केलं. समोरून, तिरकं आणि बाजूने असे मावशींचे तीन चेहरे, मागे काहीच नाही, उजेड सपाट. मागे काहीच नाही हे महत्त्वाचं आहे. माझ्या पहिल्या संदर्भचित्रात खिडकी होती, आणि ती खिडकी रस्त्यावरच्या शॉटमध्येसुद्धा शिरली. संदर्भाचा जोर किती ठेवायचा हेही शॉटप्रमाणे ठरवावं लागलं. जोर पूर्ण ठेवला की चेहरा हुबेहूब येतो, पण मान वळत नाही आणि भाव गोठतात. तिसऱ्या शॉटला मावशींची नजर खाली हवी होती. जोर जवळपास निम्म्यावर आणला तेव्हा ती मिळाली.

दोघं एकत्र असलेल्या सातव्या शॉटमध्ये वेगळीच अडचण आली. मावशींचा चष्मा मुलाच्या नाकावर आला आणि टेप दोघांच्या गळ्यात. एका प्रॉम्प्टमध्ये दोन माणसांचं वर्णन आलं की त्यांच्या खुणा एकमेकांकडे सांडतात. तिथे आधी फक्त मावशी आणि रिकामी जागा अशी फ्रेम काढली, मग त्या रिकाम्या जागेवर मास्क लावून तेवढ्याच भागात मुलगा काढून घेतला.

## तिसरा निर्णय: गाळ्याच्या भिंती

या कामातली सगळ्यात मोठी चूक इथे होती, आणि ती मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिसलीच नाही.

पात्राचा तुकडा तसाच वापरून फायदा झाला, म्हणून मी गाळ्याचाही एक तुकडा केला. लाकडी फळी, घड्याळ, पायमशीन, काउंटर, शटर, डावीकडून येणारा सकाळचा उजेड. तो प्रत्येक प्रॉम्प्टला चिकटवला. आता गाळा एकसारखा दिसू लागला, तरी फ्रेम्स जुळेनात. दिग्दर्शक म्हणाला, “अगं, हा मुलगा रस्त्यावर उभा आहे ना? मग त्याच्या पाठीमागे घड्याळ कसं?”

कॅमेरा फिरला की पाठीमागचं दृश्य बदलतं आणि उजेडाची बाजूही बदलते. मी मात्र सगळ्या दिशांना एकच भिंत लावत होते. माणसाचं वर्णन कुठूनही पाहिलं तरी तेच असतं, जागेचं तसं नसतं.

मग कागदावर गाळा वरून पाहिल्यासारखा काढला. रस्ता, त्याला लागून काउंटर, आत मावशी आणि मशीन, मागे फळ्या, बाजूला भिंत. तीन दिशांचे तीन तुकडे लिहिले आणि प्रत्येक शॉटला फक्त त्या कॅमेऱ्याला दिसणारा तुकडा दिला. उजेड फक्त रस्त्याकडून येतो. म्हणून कॅमेरा रस्त्यावरून आत बघतो तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावर समोरून उजेड पडतो. आतून बाहेर बघतो तेव्हा मुलाच्या मागे झगझगीत रस्ता आणि चेहरा थोडा सावलीत. बाजूने बघतो तेव्हा उजेड डावीकडून.

```
INWARD: shelves of folded cloth, round clock above,
        daylight from the front
OUTWARD: bright street behind, raised shutter at top,
         face in soft shade
SIDE: bare wall, calendar, daylight from frame left
```

त्याच कागदावर मुलगा आणि मावशी यांना जोडणारी रेघ ओढली. सगळे कॅमेरे त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचे, म्हणजे मुलगा नेहमी उजवीकडे बघेल आणि मावशी डावीकडे, आणि दोघं एकमेकांशी बोलताहेत असं वाटेल. प्रॉम्प्टमध्ये नुसतं `looking left` लिहिलं की ती डावी बाजू पात्राची की चित्राची, याचा घोळ होतो. `facing frame left` लिहिल्यावर तो बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही. तिसऱ्या शॉटचा शेवटचा प्रॉम्प्ट असा होता, चौकटी कंसांच्या जागी वर दिलेले मावशींचा आणि भिंतीचा तुकडा येतात:

```
pencil storyboard sketch, grey wash, medium close-up,
[tailor block], facing frame left, looking down over
her glasses at someone shorter just outside the frame,
[INWARD]
```

समोरच्या माणसाची उंची लिहिल्यामुळे नजर खाली गेली. आधी मी `looking at a boy` लिहीत होते आणि दर वेळी मावशींच्या शेजारी एक मुलगा येऊन उभा राहत होता.

## चौथा निर्णय: तुटलेलं बटण

`missing button`, `no button`, `without second button` हे सगळं लिहून झालं. प्रॉम्प्टमध्ये बटणाचं नाव आलं की चित्रात बटण येतंच. नकार या टूलला नीट कळत नाही, त्याला वस्तूचं नाव तेवढं कळतं. टायचंही तेच. ‘टाय नको’ लिहिलं की टाय येतो. ‘कॉलर उघडी, गळ्याची खळी दिसते आहे’ असं लिहिलं तेव्हा तो गेला.

म्हणून बटण नसल्यामुळे काय दिसतं ते लिहिलं. छातीवर शर्टाच्या दोन कडा फाकल्या आहेत आणि एका कडेवर दोऱ्याचं टोक लोंबतंय. शर्ट फाकला, दोरा आला, आणि तरीही एक बटण उरलंच. ते मी ब्रशने दोन मिनिटांत पुसलं. त्याआधी त्याच बटणासाठी तासभर प्रॉम्प्ट बदलत बसले होते. एवढी छोटी गोष्ट प्रॉम्प्टकडून मागूच नये, हे त्या तासाने शिकवलं.

सहाव्या शॉटमधली बोटं आणि सुई काही केल्या जमेनात. शेवटी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला खरोखर बटण लावायला बसवलं, मोबाइलवर फोटो काढला आणि त्या फोटोवरून पेन्सिलचं चित्र करून घेतलं. फोटोपासून किती दूर जायचं त्याचा आकडा ०.४ च्या आसपास ठेवला. त्याच्या वर गेलं की सहावं बोट उगवत होतं, खाली आलं की चित्र फोटोच राहत होतं.

याच वेळी एक तक्ता केला. शॉटचा क्रमांक, बटण कोणत्या अवस्थेत, दोरा दातात आहे की नाही, घड्याळात किती वाजलेत. पहिल्या पाच शॉटमध्ये बटण नाही, सहाव्यात अर्धं लागलेलं, सात आणि आठमध्ये लागलेलं. दोरा पाचव्यापासून आठव्यापर्यंत दातात. प्रॉम्प्टमध्ये काय घालायचं ते या तक्त्यावरून ठरू लागलं.

## काय घडलं

बैठकीत बोर्ड दोन किरकोळ बदलांसह मंजूर झाला. खरी परीक्षा त्यानंतर आली.

रेकीत, म्हणजे चित्रीकरणाची जागा शोधताना, मिळालेला गाळा छान होता, पण आमच्या कॅमेऱ्याच्या बाजूला जिना होता. कॅमेरा रेघेच्या पलीकडेच लावता येणार होता, म्हणजे आता मुलगा डावीकडे बघणार आणि मावशी उजवीकडे. दिग्दर्शक म्हणाला, “सगळ्या फ्रेम्स उलटव की, आरशासारख्या. एका मिनिटाचं काम.” मी तिथेच उलटवल्या आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

गाळ्याच्या मालकीणबाई, ज्या खरोखर शिवणकाम करतात, त्या वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “मशीनचं चाक डाव्या हाताला कसं गं? आणि हिचा पदर बघ, गुजराती.”

बरोबर होतं. शिलाई मशीनचं चाक शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं, आणि आपला पदर डाव्या खांद्यावर. आरशात दोन्ही पालटले होते. मग त्यांनी दुसऱ्या फ्रेमवर बोट ठेवलं, “आणि हा मुलीचा शर्ट झाला.” मुलांच्या शर्टाची डावी पट्टी वर येते, मुलींच्या शर्टाची उजवी. बटणाची जाहिरात, आणि बटणपट्टीच उलटी.

त्या दुपारी सहा फ्रेम्स नव्याने काढल्या. भिंतींचे तुकडे वेगळे असल्यामुळे पात्रांना हात लावावा लागला नाही. प्रॉम्प्टमधले `frame left` आणि `frame right` बदलले, बाजूच्या भिंतीचा तुकडा नवा लिहिला आणि उजेडाची बाजू पालटली. चौथी आणि नववी फ्रेम तशीच राहिली. पाचवी मात्र नुसती उलटवून चालली, कारण त्यात फक्त मुलाचा चेहरा होता. भांग मधोमध पाडलेला ठेवला होता, तो इथे कामी आला.

## काय वेगळं करता आलं असतं

रेकी आधी झाली असती तर बरंच वाचलं असतं. गाळा ठरला नव्हता हे खरं, पण आमच्या गल्लीत शिंप्याचे दोन गाळे होते. त्यातल्या एकात उभं राहून, विचारून, मोबाइलवर तीन दिशांचे तीन फोटो काढले असते, तर भिंतींची गोष्ट पहिल्याच सकाळी लक्षात आली असती. आता मी कोणत्याही कामात पहिली फ्रेम उलट्या कोनातली काढते, जिथे कॅमेरा पूर्ण फिरलेला असतो. जागेचं वर्णन कच्चं असेल तर ते तिथे लगेच उघडं पडतं.

फोटोसारख्या फ्रेम्स क्लायंटकडे जायलाच नको होत्या. तो चेहरा त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, आणि कलाकार निवडताना दोन चांगल्या बायकांना त्यापायी नकार मिळाला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बटणाचा तक्ता सगळ्यात शेवटी केला, तो सगळ्यात आधी करायला हवा होता. चित्रीकरणाला त्याचा उपयोग बोर्डपेक्षाही जास्त झाला. उजेडामुळे आत बघणारे सगळे शॉट सकाळी आणि बाहेर बघणारे दुपारी घ्यायचे ठरलं, त्यामुळे क्रम पार उलटसुलट झाला. बटण लागल्यानंतरचा सातवा शॉट बटण तुटलेल्या दुसऱ्या शॉटच्या आधी आला. कपडेपटाच्या दादांनी तक्ता आदल्या दिवशीच मागून घेतला होता. सेटवर ते तीन शर्ट घेऊन आले, प्रत्येकाच्या कॉलरमध्ये आतून चिठ्ठी टाचलेली: ‘१ ते ५’, ‘६’, ‘७–८’.